हॉलप्रमाणे सीट नंबर

"तीन हॉल आहेत, २४, ३० आणि २० बाकांचे, रोल नंबरवरून हॉल आणि बाक आपोआप कसा टाकायचा?"

एक्सेलमध्ये प्रत्येक हॉलचा पहिला अनुक्रमांक चढत्या क्रमाने एफ कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून टाका म्हणजे १, २५, ५५, आणि शेजारी जी मध्ये हॉलचं नाव. ए मध्ये रोल नंबर नाही, साधा अनुक्रमांक घ्या. मग हॉल आणि बाक:

```
=LOOKUP(A2,$F$2:$F$4,$G$2:$G$4)
=A2-LOOKUP(A2,$F$2:$F$4)+1
```

४० वा उमेदवार दुसऱ्या हॉलमध्ये १६ व्या बाकावर येतो. पण ७५ वा आला तर एरर येत नाही, तो गुपचूप तिसऱ्या हॉलच्या २१ व्या बाकावर जातो जो नाहीच आहे, म्हणून हजेरीपत्रक प्रिंट करायच्या आधी शेवटच्या हॉलचा सगळ्यात मोठा बाक नंबर बघाच. आणि कोणी रद्द झाला तर ओळ डिलीट करून अनुक्रमांक परत टाकू नका, पुढच्या सगळ्यांचे बाक सरकतात आणि हॉलतिकिटं तर वाटून झालेली असतात, तो बाक रिकामाच ठेवा.