मदत हवी आहे: पोर्ट वाईनच्या तीन बाटल्या, कुठली आधी उघडू आणि उघडल्यावर किती दिवस टिकते?

रानजाई
नमस्कार मंडळी, दीर पोर्तुगालला गेले होते ते येताना पोर्टच्या तीन बाटल्या घेऊन आले. एकीवर टॉनी 20 वर्षं, एकीवर रूबी रिझर्व्ह आणि तिसरीवर मोठ्या आकड्यात नुसतं 2003. घरी पिणारे आम्ही दोघंच, ते पण जेवणानंतर छोटा पेग, म्हणजे एक बाटली सहज महिनाभर चालणार. डिसेंबरात सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे तेव्हा एक उघडायचीये. दीर म्हणतात 2003 वाली जपून ठेव, जितकी जुनी तितकी भारी, पण पुण्यात फ्लॅटमध्ये कुठे जपणार हो? आणि उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर?

डेक्कनकर
2003 म्हणजे व्हिंटेज पोर्ट, एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांची, त्या वर्षी बहुतेक मोठ्या घराण्यांनी व्हिंटेज जाहीर केलं होतं. आडवी ठेवा आणि अजून दहा-वीस वर्षं विसरून जा. टॉनी पण ठेवा, 20 ची 30 होईल. रूबी स्वस्तातली असते, ती आत्ताच संपवा.

बाब_पणजी
एवढा विचार कसला करताय, आमच्या घरात पोर्ट कायम असते, बाटली कपाटात सहा-सहा महिने उघडी पडलेली असते, आजी रोज झोपताना एक टोपण घ्यायची, काही झालं नाही कुणाला.

तळघर
बाब, तुमची ती गोव्यात बनणारी गोड वाईन, नाव पोर्ट असलं तरी पोर्तुगालमधल्या दोरु खोऱ्यातल्या पोर्टचे हे टॉनी-व्हिंटेजचे हिशेब तिला लागू होत नाहीत. आजींचं टोपण चालू राहू दे.

डेक्कनकर, 2003 बद्दलची माहिती बरोबर आहे पण नुसत्या वर्षावरून व्हिंटेज ठरत नाही. वर्ष मुख्यतः तीन प्रकारच्या बाटल्यांवर असतं: व्हिंटेज, लेट बॉटल्ड व्हिंटेज म्हणजे बाटलीत उशिरा भरलेली, आणि कोल्येइता. यातली कोल्येइता म्हणजे एकाच वर्षाची टॉनी, तिचं सगळं व्हिंटेजच्या उलट. रानजाई, तीन गोष्टी बघून सांगा. लेबलवर कोल्येइता असं कुठे लिहिलंय का, मागे बाटलीत भरल्याचं वर्ष आहे का, आणि वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं हाताने निघणारं बूच आहे की आत खोल ठोकलेलं लांब बूच? जमलं तर बाटली ट्यूबलाइटसमोर धरून रंगही बघा.

आणि टॉनी ठेवली तर 20 ची 30 होत नाही. तो आकडा पिंपातल्या मुरण्याचा आहे, बाटलीतल्या नाही. साधारण साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपात ती वर्षानुवर्षं पडून असते, लाकडातून हळूहळू हवा लागत राहते, लाल रंग उतरून विटकरी आणि मग मधासारखा होतो, ताज्या फळाची चव जाऊन सुकामेवा, जळकी साखर, संत्र्याची साल असलं काही यायला लागतं. एकदा काचेत भरली की ते सगळं जवळजवळ थांबलं. शिवाय 20 म्हणजे त्यातला प्रत्येक थेंब 20 वर्षांचा असंही नाही, जुन्या-नव्या पिंपांची मिसळ असते आणि ती 20 च्या चवीची आहे ना हे पोर्टोतल्या अधिकृत संस्थेचे चाखणारे लोक ठरवतात.

रानजाई
पाहिलं! पुढेच बारीक अक्षरात कोल्येइता आहे, माझं लक्षच नव्हतं. मागे 2019 छापलंय, वर काळी प्लॅस्टिकची टोपी आहे आणि उजेडात धरल्यावर कडेला चहासारखा रंग दिसतो. म्हणजे व्हिंटेज नाही तर. वाईट वाटून घेऊ का?

तळघर
अजिबात नको, तुमच्यासाठी उलट बरंच झालं. ही 16 वर्षांच्या आसपास पिंपात राहून 2019 ला भरलेली आहे, आता कपाटात ठेवून काही मिळणार नाही, पंचाहत्तरीला हीच उघडा. तोवर उभी ठेवा, गॅसपासून आणि उन्हापासून लांब. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली तर दारूचा झणका कमी लागतो.

उघडल्यावर बूच लावून फ्रीजमध्ये. टॉनीला आयुष्यभर हवा लागलेली असते त्यामुळे अजून थोडी लागली तर तिला फारसा फरक पडत नाही, महिनाभर छान राहते, दोन महिन्यांपर्यंत पण पिण्यालायक असते, फक्त वास हळूहळू मंद होत जातो. रूबीचं तसं नाही. ती दोन-तीन वर्षं मोठ्या टाक्यांत ठेवतात ती मुद्दाम हवा कमी लागावी म्हणून, चेरी-जांभळाचा ताजेपणा हीच तिची सगळी मजा, आणि हवेने तीच आधी जाते. फ्रीजमध्ये दोन, फार तर तीन आठवडे धरा.

तुमच्या पिण्याच्या वेगाला एक युक्ती: रूबी उघडल्या उघडल्या अर्धी बाटली एखाद्या स्वच्छ छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा, आत हवाच राहत नाही. आधी मोठीतली संपवा मग ती काढा.

मंजिरी_कॅलिफोर्निया
उरलेली पोर्ट कशात घालता येईल असंच विचारलंय ना? आम्ही ती आटवून त्यात पेअर शिजवतो, मस्त लागतं, रेसिपी हवी तर टाकते.

रानजाई
उरवायचीच नाहीये ताई, पण टाका रेसिपी :) बरं, बिघडली हे कळतं कसं? वास मारते का, पोटाला त्रास?

तळघर
दुधासारखी नासत नाही, जवळपास 20 टक्के अल्कोहोल आणि भरपूर साखर असते, त्यामुळे पोटाची काळजी नको. चव मरते फक्त. रूबी असेल तर फळाचा वास गायब, शिळ्या मनुकांसारखी सपक गोडी आणि मागून आंबटसर चरचर. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेचा जांभळट लाल जाऊन तपकिरी झाक आली असेल तर गेली समजा.

डेक्कनकर
ठीक आहे, टॉनीचा मुद्दा मान्य. पण माझ्याकडे खरीखुरी 2007 ची व्हिंटेज आहे, लंडनहून आणलेली, ठोकलेलं बूच वगैरे. गेली तीन वर्षं बेडरूमच्या लॉफ्टवर आडवी आहे. ती तरी मुरेल ना?

तळघर
मुरायलाच ती बनवलेली असते. पिंपात दोनच वर्षं, मग न गाळता बाटलीत आणि पुढची 20-40 वर्षं बंद काचेत, हवेशिवाय. पण हे 12-15 डिग्रीच्या तळघरातलं गणित आहे. पुण्यातला लॉफ्ट एप्रिलमध्ये भट्टी असतो, तिथे वाईन मुरत नाही, शिजते. आज खाली काढा आणि गळ्याजवळची फॉइल चाचपून बघा, चिकट लागली किंवा बूच वर सरकल्यासारखं वाटलं तर उष्णतेने आतली वाईन बाहेर ढकलली गेलीये, मग वाट बघू नका, या हिवाळ्यात उघडाच.

उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. मग गळ्यामागे टॉर्च धरून एका दमात, न थांबता हळू जगमध्ये ओता, खांद्यापाशी काळी धूर आल्यासारखी रेघ दिसली की थांबा. शेवटचे दोन-तीन घोट सोडून द्यायचे. बूच भुगा झालं तर स्वच्छ मलमलमधून गाळा.

डेक्कनकर
फॉइल चिकट आहे :( उघडल्यावर किती दिवस?

तळघर
दोन दिवस, तिसरा कसाबसा. इतकी वर्षं हवा न बघितलेली वाईन आहे, एकदम लागली की पटकन उतरते. चार-पाच मित्र बोलवा.

नीलकंठ_दुबई
इथे असहमत. 2007 तशी तरुणच की, माझी 2011 ची चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त खुलली होती. 1977 वगैरे असती तर त्याच रात्री संपवा म्हटलं असतं.

तळघर
नीट ठेवलेली असती तर मीही चार दिवस मान्य केले असते. लॉफ्टवर तीन उन्हाळे काढलेल्या बाटलीवर मी पैज लावणार नाही. डेक्कनकर, रोज एक घोट घेऊन इथे लिहा, बघू कोण बरोबर ते.

बाब_पणजी
आणि ते सोडून दिलेले दोन-तीन घोट माझ्याकडे पाठवा.