मदत हवी आहे: अंतर्वेशनातील त्रुटीचे सूत्र आणि टोकांजवळची दोलने

-1 ते 1 या अंतरालात f(x) = 1/(1+25x²) या फलासाठी मी 0.2 च्या समान अंतरावरील 11 बिंदू घेऊन दहाव्या घाताची बहुपदी काढली. x = 0.95 येथे फलाची किंमत सुमारे 0.042 असताना बहुपदी 1.92 देते. हीच रुंगेची घटना, हे मला ठाऊक आहे. अडचण आहे ती तिच्या कारणाविषयी.

त्रुटीचे सूत्र असे आहे:

f(x) − p(x) = f⁽ⁿ⁺¹⁾(ξ)/(n+1)! · ω(x), ω(x) = (x−x₀)(x−x₁)…(x−xₙ)

ω(x) चा वाटा मी स्वतः मोजला. |ω(0.9)| हे |ω(0.1)| च्या सुमारे 67 पट आहे, कारण टोकाजवळच्या x पासून बहुतेक बिंदू एकाच बाजूला आणि दूर असतात. चेबिशेव्ह बिंदू टोकांकडे दाट असल्याने हा फरक उरत नाही आणि 11 बिंदूंतच कमाल त्रुटी 0.11 च्या आसपास येते, हेही पडताळले.

पण eˣ साठी समान अंतरावरील बिंदूही उत्तम चालतात. म्हणजे दोष एकट्या ω चा नाही. आपल्या फलाचा विकलज भागिले (n+1)! हा गुणक शून्याजवळ साधारण 5ⁿ⁺¹ च्या गतीने वाढतो, हे x = ±i/5 येथील ध्रुवांमुळे.

माझा प्रश्न असा: ξ अज्ञात असल्याने हे सूत्र केवळ वरची मर्यादा देते, मग |x| सुमारे 0.726 पेक्षा कमी असताना त्रुटी शून्याकडे जाते आणि त्यापलीकडे अपसरण होते, ही सीमा नेमकी कशी काढतात? संमिश्र समाकल टाळून ती काढता येईल का? कृपया पायऱ्यांसह समजवावे.