‘रिअ‍ॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं? (‘भट्टी’ सोडून)

शब्दवेडी: सातपूरच्या एका कारखान्यासाठी 11 केव्हीच्या खोलीत लावायचा मराठी फलक तपासतेय. आधीच्या कुणीतरी केलेलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘दोषपातळी खंडकाच्या दर्जात आणण्यासाठी बस विभागात धारा मर्यादित करणारी अणुभट्टी बसवली आहे.’ फोरमनना वाचून दाखवलं तर म्हणाले, “ताई, अणुभट्टी असती तर वीजबिल कशाला भरलं असतं?” भट्टी काढली, पण तिच्या जागी काय घालू? शिवाय ‘दोषपातळी’ वाचून एका शिकाऊ मुलाने विचारलं, “म्हणजे हे बसवल्यापासून फॉल्ट कमी झाले का?” मला उत्तर देता आलं नाही.

परिभाषाप्रेमी: यात अवघड काय आहे? धारामर्यादक प्रतिघातक. हिंदीत प्रतिरोध, प्रतिघात, प्रतिबाधा असे तीन वेगळे शब्द रुळले आहेत. आपणच इंग्रजीला कवटाळून बसतो.

अंबडचा अण्णा: प्रतिघात म्हणजे उलटा वार हो! रात्रपाळीच्या वायरमनने तो फलक वाचला तर खोलीत पाऊल टाकणार नाही.

एकलहरेकर: आधी त्या मुलाचा प्रश्न, कारण तो शब्दापेक्षा मोठा आहे. फॉल्ट होण्या-न होण्याशी या रिअ‍ॅक्टरचा काही संबंध नाही. केबल बॉक्समध्ये पाणी शिरेल, पाल चढेल, फॉल्ट व्हायचा तो होणारच. प्रश्न एवढाच की झाला तर किती करंट धावेल, आणि तेवढा तोडण्याची ब्रेकरची, म्हणजे फलकातल्या खंडकाची, ताकद आहे का. त्यामुळे ‘दोषपातळी कमी केली’ हे मराठी म्हणून शुद्ध असलं तरी वाचणाऱ्याला भलताच अर्थ सांगतं.

असल्याच एका पॅनेलचं काम मी केलंय. बसबारचे दोन भाग, मधे त्यांना जोडणारा-तोडणारा ब्रेकर, म्हणजे कपलर. सुरुवातीला 20 एमव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर होता, इम्पीडन्स 10 टक्के. मागची ग्रिड कितीही दांडगी धरा, त्यातून दहापट, म्हणजे 200 एमव्हीएपेक्षा जास्त येऊच शकत नाही, म्हणजे साधारण साडेदहा हजार अँपिअर. ब्रेकर 350 एमव्हीएचे, सगळं आलबेल. मग कारखाना वाढला, तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या भागावर आला आणि कपलर जोडून दोन्ही एकत्र चालू लागले. आता फॉल्टला 400 येणार आणि ब्रेकर तेच 350 वाले. रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. लोड वाढलेला नसतो, मीटर नेहमीचंच दाखवतो. जाणवतं ते थेट त्या दिवशी, ब्रेकर उघडतो पण आतला आर्क विझत नाही तेव्हा.

सातपूर तिसरी पाळी: मग कपलर उघडा ठेवायचा की. फुकटात काम. आमच्याकडे तसंच चालतं.

एकलहरेकर: चालतं, आणि पुष्कळ ठिकाणी तेच करतात. पण एक ट्रान्सफॉर्मर गेला की अर्धा कारखाना अंधारात, कपलर टाकेपर्यंत. ज्यांची प्रोसेस एवढं थांबू शकत नाही ते कपलरसोबत रिअ‍ॅक्टर घालतात. आम्ही 0.6 ओहमचा घातला. एका भागावर फॉल्ट झाला की त्याचे स्वतःचे 200 येतातच, पण पलीकडचे 200 रिअ‍ॅक्टरमधून येताना 100 होतात. एकूण 300. वरचे 50 मोकळे ठेवले, कारण मोठ्या मोटारीही पहिल्या काही सायकली फॉल्टला करंट पुरवतात.

अंबडचा अण्णा: हे तर आमच्या मळ्यातलं झालं! दोन हौद शेजारी, मधे अरुंद मोरी. एक हौद फुटला तर दुसऱ्यातलं पाणी हळूहळू येतं. शब्द सापडला ताई: मोरी.

परिभाषाप्रेमी: मोरी!! उद्या ट्रान्सफॉर्मरला रांजण म्हणा.

सातपूर तिसरी पाळी: अण्णा, मोरी रोजच्या पाण्यालाही आडवी येणार ना? मग रोज व्होल्टेज पडेल.

एकलहरेकर: अण्णांचा दाखला इथेच खरा बसतो. दोन्ही हौद सारख्या पातळीला असले की मोरीतून जवळजवळ काहीच वाहत नाही. दोन्ही भाग आपापल्या ट्रान्सफॉर्मरवर आपापला लोड खातात, म्हणून रिअ‍ॅक्टरवर व्होल्टेज पडत नाही. हाच रिअ‍ॅक्टर प्रत्येक फीडरला घातला असता तर पूर्ण लोड कायम त्यातून गेला असता. तुमची शंका खरी ठरते ती एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना. तेव्हा पलीकडचा 10 एमव्हीए लोड 0.8 पॉवर फॅक्टरने रिअ‍ॅक्टरमधून ओढला तर तिकडे 3 टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज घटतं. आणि मुळात एकाच ट्रान्सफॉर्मरचा फॉल्ट ब्रेकरच्या वर असेल, तर ही मोरी काही कामाची नाही. मग ब्रेकरच बदलावे लागतात.

आयटीआय मास्तर: तीस वर्षं पोरांना शिकवतोय. ट्यूबलाइटचा चोक आठवा. ट्यूब पेटल्यावर करंट बेफाम वाढू नये म्हणून तो असतो. काम तेच, फक्त आकार मोठा. ‘मोठा चोक’ लिहा, प्रत्येक वायरमनला कळेल.

एकलहरेकर: मास्तर, नव्वद टक्के कबूल. पण चोक म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे लोखंडी पट्ट्या येतात. ऐन फॉल्टच्या करंटला लोखंड सॅच्युरेट होतं आणि जिथे अडवायचं तिथेच चोक ढिला पडतो. म्हणून हे बहुतेक पोकळ असतात, उभ्या कणग्यांसारखे.

पोकळ असण्याचीही किंमत आहे. चुंबकीय क्षेत्र मोकळं पसरतं. एका ठिकाणी पायाच्या सळया नेहमीसारख्या तारेने बांधल्या होत्या, म्हणजे लोखंडाची बंद वेटोळी तयार झाली. दोन वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण रिअ‍ॅक्टरमधून करंटच नव्हता. मग भर पावसाळ्यात एक ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला काढला आणि दुपारपर्यंत ओल्या काँक्रीटवर रिअ‍ॅक्टरभोवती गोल कोरडा पट्टा उमटला. सळया तापत होत्या. पाया फोडून, एकमेकींना छेदणाऱ्या सळयांमध्ये इन्सुलेशन घालून पुन्हा भरावा लागला. कुंपणाचंही तेच, जाळी सलग गोल ठेवायची नाही.

लाइनवाला: आमच्या 400 केव्हीच्या सबस्टेशनमध्ये रिअ‍ॅक्टर आहे, चांगला तेलाच्या टाकीत. रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, तेव्हा घेतो. पोकळ बिकळ काही नाही. तुमचा गोंधळ होतोय.

एकलहरेकर: तो शंट रिअ‍ॅक्टर, भाऊ. नाव तेच, काम वेगळं. तो लाइनला समांतर, हा वाटेत उभा.

परिभाषाप्रेमी: बघा! एकाच नावाखाली दोन यंत्रं, शिवाय अणुवाली तिसरी. म्हणूनच परिभाषा लागते.

अंबडचा अण्णा: आणि बसबारमधली बस कुठली? नाशिकरोडची?

आयटीआय मास्तर: विनोद नाही, तीच! दोन्ही ‘ऑम्निबस’मधून आलेल्या. लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. बसबार म्हणजे सगळ्या फीडरांची सामाईक पट्टी.

शब्दवेडी: सध्याचा मसुदा असा: ‘फॉल्टच्या वेळी पलीकडच्या भागातून येणाऱ्या करंटला आळा घालण्यासाठी येथे रिअ‍ॅक्टर आहे. यामुळे फॉल्टचा करंट ब्रेकरच्या तोडक्षमतेच्या आत राहतो.’ रिअ‍ॅक्टर तसाच ठेवलाय.

परिभाषाप्रेमी: ‘तोडक्षमता’ चालते, मग ‘प्रतिघातक’ का नाही? आणि दोनदा ‘करंट’? ‘धारा’ शाळेच्या पुस्तकात आहे.

सातपूर तिसरी पाळी: ताई, फलकावर हेही टाका की एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना रिअ‍ॅक्टरच्या कुंपणाजवळ लोखंडी शिडी ठेवू नका. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त.

अंबडचा अण्णा: मी अजूनही मोरीवर ठाम आहे.

शब्दवेडी: अण्णा, फोरमनना विचारलं. ते जुन्या नाशकातले, भद्रकालीचे. म्हणाले, “मोरीत आम्ही आंघोळ करतो.”