फिलिप्पै ४:१३ : ‘करू शकतो’, ‘शक्तिमान’ की ‘निभतं’?

जालनेकर : मंडळीच्या तरुणांच्या कबड्डी स्पर्धेसाठी टी-शर्ट छापायचेत. पाठीवर फिलिप्पैकरांस पत्रातला ४:१३ घ्यायचं ठरलं. पोरांनी “मी सर्व काही करू शकतो” एवढंच मोठ्या अक्षरात बसवलं. मजकूर वाचून एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, मूळ ओळीत ‘करणे’ हे क्रियापदच नाही. आपल्या बायबलात तर “मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे” असं स्वच्छ लिहिलंय. बाईंचा आधार काय असेल? आणि ‘करू शकतो’ चालणार नसेल तर लिहायचं काय?

कयाधूकाठ : बाईंचं बरोबर आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती ओळ सहा शब्दांची आहे : पांता इस्ख्युओ एन तो एन्दुनामून्ती मे. ‘पांता’ म्हणजे सगळं, किंवा इथे सगळ्या बाबतीत. ‘इस्ख्युओ’ म्हणजे मला बळ आहे. मग ‘मला बळ देणाऱ्यामध्ये’. संपली ओळ. याच क्रियापदातून ‘अमुक करू शकणे’ म्हणायचं असेल तर त्याला दुसरं क्रियापद जोडतात. गेथशेमानेत येशू शिष्यांना विचारतो, एक तासही जागे राहू शकला नाहीत का, तिथे ‘जागणे’ सोबत आहे. इथे तसं काहीच सोबत नाही. याकोबाच्या पत्रात नीतिमानाच्या प्रार्थनेबद्दल हेच क्रियापद एकटं येतं आणि तिथे अर्थ होतो ‘तिच्यात फार बळ असतं’. तसंच हे : सगळ्यात मला बळ आहे. ‘करावयास’ हा शब्द वाक्य मराठीत उभं राहावं म्हणून आलाय.

शब्दवेडा : एवढा काथ्याकूट कशाला? ‘शक्ती’ आणि ‘शकणे’ दोन्ही ‘शक्’ धातूचे. ज्याला शक्ती आहे तो शकतो. ‘शक्तिमान आहे’ म्हणा नाहीतर ‘करू शकतो’ म्हणा, एकच.

कयाधूकाठ : धातू एक, वापर वेगळा. “उद्या पाऊस येऊ शकतो” यात पावसाची शक्ती कुठे आली? ‘शकतो’ आता शक्यता सांगतो, परवानगीही सांगतो. म्हणून तर शर्टावर “मी सर्व काही करू शकतो” वाचलं की ‘मला काहीच अशक्य नाही’ असा अर्थ निघतो.

परळीकर : मला वाटतं मागची दोन वचनं वाचली की भांडण मिटतं. पत्र लिहिणारा पौल तेव्हा रोमच्या तुरुंगात होता. कैद्याला सरकार जेवू घालत नसे, घरचे नाहीतर मित्र आणतील ते खायचं. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, तिची पोच म्हणून हे लिहिलंय. तो म्हणतो, भूक मला नवी नाही. म्हणजे ‘सर्व काही’ म्हणजे सगळे हाल. सरळ लिहा, “मला सगळं सोसवतं”. शक्यतेचं ‘व’ आपल्या मराठीत आहेच : करवतं, बसवतं, सोसवतं.

कयाधूकाठ : निम्मं पटलं. आधी तुरुंगाचं. पत्रात शब्द ‘बंधने’ असा आहे, गावाचं नाव नाही. रोम धरणारे बरेच आहेत, पण इफिस आणि कैसरिया मानणारेही अभ्यासक आहेत. रोमच धरलं तरी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटी तो स्वतःच्या भाड्याच्या घरात, शिपायाच्या पहाऱ्यात दिसतो. त्याला कोठडी म्हणवत नाही. पण बांधलेला होता आणि खर्चाला दुसऱ्यांकडे बघावं लागत होतं, हे तुमचं खरं.

आता ‘सोसवतं’. बाराव्या वचनात तीन जोड्या आहेत : दैन्य आणि संपन्नता, पोट भरलेलं आणि भुकेलं, मग पुन्हा संपन्नता आणि तोटा. ‘सर्व काही’ म्हणजे या जोड्या. तेव्हा तुमचं क्रियापद दोन्ही बाजूंना लावून बघा. “उपास सोसवतो” ठीक. “भरलं ताट सोसवतं” म्हणाल का? ‘झेपतं’ची तीच गत, ओझं झेपतं, श्रीखंड नाही. पौलाला भरलेलं ताटसुद्धा शिकावं लागलं, ही त्या वचनातली खरी गंमत आहे आणि ‘सोसवतं’मध्ये तीच गळते.

निलंगेकरीण : मग ‘मानवतं’ घ्या की ओ. भूकही मानवते, गोडधोडही मानवतं.

परळीकर : मानवतं म्हणजे तब्येतीला. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं वाटायलंय. ‘पचतं’ बरं. पैसा पचतो, अपमान पचतो.

शब्दवेडा : ‘पैसा पचला’ म्हणजे लाच पचली! शर्टावर घालायलाव काय ते?

निलंगेकरीण : बरं, ‘निभतं’. “कमी असलं तरी निभतं, जास्ती असलं तरी निभतं.” आमच्याकडं तर असंच बोलतेत.

कयाधूकाठ : दोन्ही बाजूंना लागतंय खरं. पण ‘निभतं’मध्ये कसंबसं ढकलल्याचा वास आहे, आणि ‘इस्ख्युओ’त बळ आहे. “त्याच्या बळावर माझं सगळ्यात निभतं” असं केलं तर बळ परत येतं. ‘त्याच्याकडून’पेक्षा ‘त्याच्या बळावर’ मला बरं वाटतं. ‘कडून’ म्हटलं की उसनं आणल्यासारखं होतं. मूळ ‘एन’ म्हणजे मध्ये, ठायी.

शब्दवेडा : धर्मग्रंथात ‘निभतं’? बाजारातली बोली तिथे शोभत नाही. ‘समर्थ’ हा शब्द काय वाईट आहे?

निलंगेकरीण : पौल काय दरबारी ग्रीक लिहीत होता? ती बाजारात चालणारीच भाषा होती ना.

कयाधूकाठ : भाषा चालती होती, पण शब्द तो निवडून घेतो. अकराव्या वचनात आपल्याकडे ‘संतुष्ट’ आहे, तिथे ग्रीकात ‘औतार्केस’ आहे, म्हणजे आपलं आपल्याला पुरेसं असलेला. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द. बाहेरचं काही आलं-गेलं तरी न हलणारा माणूस. पौल तो शब्द उचलतो आणि दोन ओळींनी सांगतो की बळ माझं नाही, देणारा दुसरा आहे. ‘संतुष्ट’ वाचताना ही कोपरखळी कळतच नाही. ‘आत्मनिर्भर’ नेमका बसला असता, पण तो शब्द आता वेगळ्याच कामाला लागलाय.

परळीकर : मग तुकोबांचं “ठेविले अनंते तैसेंचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान” आणि हे एकच झालं की.

कयाधूकाठ : जवळचं आहे. पण पौल चौदाव्या वचनात लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. आणि थेस्सलनीकात तुम्ही एकदा-दोनदा पाठवलं होतं, तेही काढतो. मदत नको होती असं तो म्हणत नाही. मदत आली नसती तरी मोडलो नसतो, एवढंच. “सर्व काही करू शकतो” ही ओळ एकटी छापली की चौदावं वचन खोटं पडतं. ज्याला सगळं करता येतं त्याला एपफ्रदीत कशाला हवा?

शब्दवेडा : तुकोबांचं ‘समाधान’ सम् + आ + धा, नीट एकत्र ठेवणं. ते ‘संतुष्ट’पेक्षा खोल आहे. बदलायचंच असेल तर तो शब्द बदला.

जालनेकर : दादा, ताई, छापखान्याला शनिवारी मजकूर द्यायचाय. हरलेल्या संघाच्या पाठीवरही शोभेल असं एक काहीतरी सांगा.

निलंगेकरीण : बाराव्या वचनाची एक जोडी वर घ्या, तेरावं खाली. उपाशी असो की तृप्त, असं. हरलेल्यालाही चालतंय.

परळीकर : शर्ट काय अंगण आहे का, एवढं मावायला?

वाचनप्रेमी : सगळं वाचलं. चांगली चर्चा. पण कुणी नीट सांगेल का, ‘शक्तिमान’मधला ‘ति’ ऱ्हस्व की दीर्घ? गेल्या वर्षीच्या शर्टावर ‘शक्तीमान’ होतं.

शब्दवेडा : ऱ्हस्व. एकटा ‘शक्ती’ दीर्घ, पुढे ‘मान’ आला की ऱ्हस्व.

परळीकर : ते कसं काय? नियम एकच पायजे ना ओ.