प्रतिसाद: घसा नव्हे, अक्कलदाढ

> "उजवीकडे गिळताना घसा दुखतो, जबडा सुजलाय, घशाच्या गोळ्यांनी फरक नाही."

अहो, दातांच्या डॉक्टरकडे जा. माझ्या भावाचं अगदी हेच झालं होतं, खालची अक्कलदाढ अर्धीच वर आलेली, तिच्यावर हिरडीचं झाकण राहतं ना, त्याखाली अन्न अडकून इन्फेक्शन झालं, आणि ती जागा घशाला इतकी लागून असते की दुखणं घशातलंच वाटतं. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. डेंटिस्टने झाकणाखाली सलाईनने धुतलं, सूज आणि ताप होता म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, मग एक्सरे काढून, सूज उतरल्यावर दाढ काढली. नुसत्या गोळ्यांवर भागवू नका, झाकण तसंच राहतं, दोन महिन्यांत परत सुजतं (त्याचं पहिल्यांदा असंच झालं होतं). बाहेरून शेकूही नका, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील.

पण थुंकी गिळता येईना, जिभेखाली किंवा मानेत सूज आली, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास झाला तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका, रात्री असलं तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, तिथे शिरेतून औषध देतात, पू असला तर चीर देऊन काढतात.