मदत हवी आहे: जुनं सिम बंद, आधारचा ओटीपी येत नाही

आमच्या आईच्या आधारला जोडलेला नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. कंपनीने तो आता दुसऱ्या कुणाला दिलाय, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाणार! नंबर बदलायला आधार केंद्रावर जायचं ठरवलंय. तिथे जुन्या नंबरवरचा ओटीपी किंवा कागदपत्रं लागत नाहीत, ओळख पटते ती बोटांच्या ठशांवरून. पण जन्मभर काजूच्या बिया सोलून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात, मशीन घेतच नाही. डोळ्यांचं स्कॅन चालतं, पण आमच्या जवळच्या केंद्रातलं ते यंत्र बिघडलंय. डिचोली, साखळी किंवा वाळपईत ते चालू असलेलं केंद्र कुणाला माहीत आहे का? आईला फार लांब नेणं जमत नाही.