मदत हवी आहे: गेटवरच्या फोटोत चिखलाने माखलेली नंबर प्लेट

नमस्कार मंडळी, कोल्हापूरजवळ आमच्या ऊस वजनकाट्याच्या गेटवर कॅमेरा बसवलाय. ट्रॅक्टर समोरून आडवे जातात, ताशी २० किमीने, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. शटर १/५० होतं तेव्हा फोटोत प्लेट ११ सेंमी फराटायची, आणि अक्षराची रेघ जेमतेम १ सेंमीची! १/१००० केल्यावर फराटा अर्ध्या सेंमीवर आला, वाचता येऊ लागलं.

अडलंय ते चिखलापाशी. इंग्रजी आठचा डावा काठ झाकला की सॉफ्टवेअर बेधडक तीन वाचतं. चार फ्रेम घेऊन बहुमत काढलं, पण चिखल चारही फ्रेममध्ये तिथंच. नंबर चुकला की शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर जातं, म्हणून जीव टांगणीला लागतो. असा संशयास्पद अंक ओळखून माणसाकडे तपासायला कसा पाठवायचा? मराठी आकड्यांच्या प्लेटांवर कुणी काम केलंय का?